मु., पो., ता., जि.: खेड्यातली जागा नेमकी कशी सांगायची

कुणी ‘आंबेगाव, जि. पुणे’ एवढंच लिहून दिलं, तर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ निघू शकतात. पुण्याच्या उत्तरेला आंबेगाव तालुका आहे, म्हणजे मंचर, घोडेगाव आणि त्यापलीकडचा डोंगराळ पट्टा. ज्या गावावरून या तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. आणि पुणे शहराला लागून, कात्रजजवळ, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द आहेत. ती हवेली तालुक्यातली. मंचर आणि कात्रज यांच्यात साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर आणि मधे अख्खं पुणे शहर. लिहिणाऱ्यानं चुकीचं काहीच लिहिलेलं नाही. त्यानं मधली एक पायरी गाळली, एवढंच.

ही पायरी म्हणजे तालुका. आपल्याकडे गावाचं नाव एकटं कधीच पुरत नाही. वडगाव, पिंपरी, पिंपळगाव, निंभोरा ही नावं राज्यभर इतक्या ठिकाणी आहेत की ‘कुठलं?’ हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधी तालुक्यानं द्यायचं आणि मग तालुक्याचं जिल्ह्यानं. कारण तालुक्यांची नावंही दोनदा येतात. कर्जत रायगड जिल्ह्यातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुण्यात आहे, रत्नागिरीतही. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. मुंबईच्या माणसाला ‘कर्जत’ म्हटलं की लोकलचं स्टेशन आठवतं. श्रीगोंद्याच्या माणसाला शेजारचा तालुका आठवतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच ‘जि.’ लिहायचं टाळू नये.

तालुक्याच्या नावाची आणखी एक अडचण आहे आणि ती पुण्या-साताऱ्याकडे फार दिसते. तालुक्याचं नाव वेगळं आणि तहसील कचेरी ज्या गावात आहे त्याचं नाव वेगळं. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला. मावळची वडगावला, मुळशीची पौडला, पुरंदरची सासवडला, खेडची राजगुरुनगरला. साताऱ्यात माणची दहिवडीला आणि खटावची वडूजला. बोलताना लोक ‘सासवड तालुका’, ‘राजगुरुनगर तालुका’ असं सहज म्हणतात आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. पण सरकारी यादीत असा तालुका नाही. संकेतस्थळावर सातबारा शोधायला बसलात आणि तालुक्यांच्या यादीत ‘सासवड’ सापडलं नाही, तर यादी अपुरी नाही. तुम्ही मुख्यालयाचं नाव शोधताय.

इथवरचा भाग तसा सोपा आहे. महाराष्ट्रात सहा महसुली विभाग आहेत, त्यात 36 जिल्हे आणि जिल्ह्यांत मिळून 358 तालुके. प्रत्येक तालुका एकाच जिल्ह्यात, प्रत्येक जिल्हा एकाच विभागात. वरच्या पायऱ्या अशा एकात एक बसतात. खरी गुंतागुंत तालुक्याच्या खाली सुरू होते, कारण तिथून एक वाट न राहता तीन वाटा फुटतात आणि आपण पत्ता लिहिताना त्या एकाच ओळीत मिसळतो.

गाव एक, हिशेब तीन

पहिली वाट महसुलाची. जमीन कुणाची, किती, कुठं, हे जिथं लिहिलं जातं ती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये महसुली क्षेत्रांची उतरंड दिली आहे: विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, सजा, गाव. उपविभागावर प्रांत असतात, तालुक्यावर तहसीलदार, मंडळावर मंडळ अधिकारी, ज्यांना गावाकडे सर्कल म्हणतात, आणि सजावर तलाठी. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असं झालंय, पण विचारायला जाणारे अजून तलाठीच म्हणतात. एका सजात एक किंवा अनेक गावं असतात, अनेक सजांचं एक मंडळ, अनेक मंडळांचा तालुका.

मंडळ आणि सजा पत्त्यात कुणी लिहीत नाही आणि लिहायची गरजही नाही. पण आपलं गाव कुठल्या मंडळात येतं हे शेतकऱ्याला माहीत असलेलं बरं. अतिवृष्टीची नोंद मंडळावर होते: मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस मोजला गेला की तिथं अतिवृष्टी धरतात. ओढ्याच्या अलीकडचं गाव एका मंडळात आणि पलीकडचं दुसऱ्या मंडळात असेल, तर एकाच ढगाचा पाऊस दोन्हीकडे पडूनही कागदावर एकीकडेच अतिवृष्टी दिसू शकते. अशा वेळी ‘आमच्या तालुक्यात अतिवृष्टी झाली’ हे म्हणणं अर्जाच्या कामाचं नसतं. मंडळाचं नाव घ्यावं लागतं.

दुसरी वाट पंचायतीची: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. घरपट्टी, पाणीपट्टी, रहिवासी दाखला, घराची मिळकत नोंद या सगळ्या गोष्टी इथं. पंचायत समिती साधारणपणे तालुक्याला एक आणि जिल्हा परिषद ग्रामीण भाग असलेल्या जिल्ह्याला एक, त्यामुळे वरच्या टोकाला ही वाट महसुलाच्या वाटेला लागूनच चालते. फरक पडतो तो तळाशी. राज्यात महसुली गावं 40 हजारांहून जास्त आहेत आणि ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. याचा अर्थ सरळ आहे. पुष्कळ गावांना स्वतःची ग्रामपंचायत नाही. दोन-तीन किंवा त्याहून जास्त लहान गावं मिळून एक गट ग्रामपंचायत असते आणि तिला त्यातल्या एका गावाचं नाव असतं. मग दुसऱ्या गावच्या माणसाच्या दाखल्यावर शिक्का शेजारच्या गावाच्या नावाचा येतो. त्याचं शेत मात्र स्वतःच्याच गावाच्या दप्तरात असतं.

तिसरी वाट टपालाची. ‘मु. पो.’ आपण इतकं सवयीनं एकत्र लिहितो की हे दोन वेगळे तुकडे आहेत हेच विसरतो. मुक्काम म्हणजे माणूस राहतो ते ठिकाण आणि पोस्ट म्हणजे त्या ठिकाणाची पत्रं ज्या टपाल कार्यालयातून वाटली जातात ते. गावात पोस्ट असेल तर ‘मु. पो. अमुक’ बरोबर. नसेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’ असं तोडून लिहायला हवं. नाहीतर अस्तित्वात नसलेलं पोस्ट ऑफिस पत्त्यात येऊन बसतं.

पिनकोड या तिसऱ्या वाटेवरचा आहे, पहिल्या दोन वाटांशी त्याचं नातं नाही. 15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू झाली ती पत्रांची वर्गवारी नीट व्हावी म्हणून. पहिले तीन अंक मिळून पत्रं वेगळी करण्याचा टपालाचा जिल्हा सांगतात. तो टपाल खात्याचा, महसुलाचा नव्हे. म्हणून एकाच आंबेगाव तालुक्यात मंचरचा पिन 410503 आणि घोडेगावचा 412408. पहिले तीन अंकच वेगळे. पिनवरून तालुका ठरवायला जाल तर इथं फसाल. उलट्या बाजूनं, एका पिनखाली अनेक गावं येतात, त्यामुळे पिन लिहिला म्हणून गावाचं नाव ढिलं सोडून चालत नाही. पिन पत्र पोचवण्यासाठी उत्तम आहे. जमीन ओळखण्यासाठी तो नाही.

तेव्हा ‘गाव’ हा एकच शब्द आपण चार गोष्टींसाठी वापरतो: महसुली गाव, ग्रामपंचायत, पोस्टाचं गाव आणि जिथं प्रत्यक्ष चूल पेटते ती वाडी किंवा वस्ती. माझं ठाम मत आहे की यातलं खुंटीसारखं धरून ठेवावं ते महसुली गाव. बाकीच्या तिन्हींत सोयीनुसार बदल होत राहतात. महसुली गावाला मात्र मोजलेली हद्द असते, नकाशा असतो, आणि राज्यातली बहुतेक सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या महसुली गावात पडते. माणूस राहत नसलेली महसुली गावंही आहेत. त्यांना ओसाड किंवा बेचिराख गाव म्हणतात. तिथं एक घर नसतं, पण शेतं असतात, सातबारे असतात आणि गाव म्हणून यादीत नाव असतं.

गावाच्या आत

महसुली गाव नक्की झालं की आत शिरायचं. गावाची वस्ती पूर्वापार जिथं दाटलेली आहे ते गावठाण. भोवती शेतजमीन, आणि त्या शेतांत विखुरलेल्या वाड्या, वस्त्या. कोकणात वाड्या आणि कोंड, पालघर-नाशिककडे पाडे, मराठवाडा-विदर्भात तांडे, पूर्व विदर्भात टोले. यातल्या बहुतेकांना महसुली गावाचा दर्जा नसतो. त्या कुठल्या तरी गावाच्या पोटात असतात. म्हणून वाडीचं नाव संकेतस्थळावर सापडत नाही आणि माणूस घाबरतो की आमची नोंदच नाही. नोंद असते, पण मूळ गावाच्या नावाखाली. काही वाड्यांना नंतर अधिसूचना काढून स्वतंत्र महसुली गाव केलं जातं. मग त्याच जमिनीचा जुना कागद मूळ गावाच्या नावाचा आणि नवा सातबारा वाडीच्या नावाचा, असं दिसतं.

शेताला ओळख देतो तो गट नंबर किंवा सर्व्हे नंबर. जमीन एकत्रीकरण जिथं झालं तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असा बदल नेहमीचा. दोन्ही एकच समजून लिहू नयेत. गट 214 आणि सर्व्हे 214 एकाच गावात अगदी वेगळ्या ठिकाणच्या जमिनी असू शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे नंबर प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात. गट नंबर 214 तुमच्या गावात आहे, शेजारच्या गावात आहे, आणि त्यापुढच्या गावातही असेल. गावाशिवाय गट नंबर म्हणजे निव्वळ आकडा.

गावठाणातलं घर वेगळं. त्याला सातबारा नसतो. त्याची ओळख ग्रामपंचायतीच्या मिळकत क्रमांकानं होते, किंवा नगर भूमापन झालं असेल तर मालमत्ता पत्रकावरच्या क्रमांकानं. स्वामित्व योजनेत 2020 पासून गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन अशी पत्रकं तयार होऊ लागली आहेत. तुमचं घर गावठाणात आहे की शेतातल्या वस्तीवर, यावर कुठला क्रमांक द्यायचा हे ठरतं.

गावाच्या नावाचं शेपूट कधी गाळू नये. पुणे जिल्ह्यातच महाळुंगे पाहा. हुतात्मा बाबू गेनूंचं महाळुंगे पडवळ आंबेगाव तालुक्यात, चाकणच्या कारखान्यांजवळचं महाळुंगे इंगळे खेड तालुक्यात, आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळचं महाळुंगे मुळशी तालुक्यातलं. जिल्हा एकच आहे, तेव्हा जिल्ह्यानं काही सुटत नाही. तालुक्यानं सुटतं, आणि शेपटानंही सुटतं. खुर्द आणि बुद्रुक तर बहुधा शेजारी-शेजारी, एकाच तालुक्यात असतात. तिथं तालुकाही कामाला येत नाही. खुर्द आणि बुद्रुक ही दोन स्वतंत्र महसुली गावं, त्यांचे गट नंबर स्वतंत्र. शेपूट गाळलं की दुसऱ्याच्याच जमिनीचा उतारा हातात पडतो.

एक विहीर शोधू

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. तालुका खरा घेऊ, आंबेगाव. खालची नावं समजण्यापुरती घेतलेली आहेत. समजा, शहरात राहणाऱ्या एका बाईंना वडिलांच्या वहीत अशी ओळ मिळाली: ‘विहीर, बोरीची वस्ती, कळमजाई, मंचरजवळ, गट 214.’ वहीत एवढंच. यावरून त्यांना जागा गाठायची आहे.

‘मंचरजवळ’ हे बाजाराचं गाव झालं. मंचर मोठी बाजारपेठ, त्यामुळे आसपासचे लोक तेच नाव सांगतात. पण ते ना तालुका आहे ना मुख्यालय. बाईंनी नकाशा पाहिला आणि जागेचा परिसर आंबेगाव तालुक्यात आहे हे ठरवलं. ही खात्री करावीच लागते, कारण मंचरच्या दक्षिणेला थोडं गेलं की खेड तालुका लागतो आणि उत्तरेला जुन्नर. ‘जवळ’ या शब्दाला तालुक्याची शिव कळत नाही.

मग त्यांनी bhulekh.mahabhumi.gov.in उघडलं. तिथं जिल्हा पुणे, तालुका आंबेगाव निवडला, आणि गावांची यादी खुली झाली. यादीत ‘बोरीची वस्ती’ नाही, ते अपेक्षितच होतं. ‘कळमजाई’ आहे. गट 214 घातला तर तिसऱ्याच कुणाचं नाव आलं. इथं पुष्कळ जण ठरवतात की जमीन कुणीतरी लाटली. इतक्या लवकर त्या टोकाला जाऊ नये. नाव अनोळखी, क्षेत्रही वहीतल्या विहिरीच्या शेताशी जुळत नाही, आणि फेरफारांत वडिलांच्या व्यवहाराचा मागमूस नाही. तिन्ही गोष्टी एकदम जुळत नसतील तर बहुतेक वेळा गाव चुकलेलं असतं.

त्यांनी ग्रामपंचायतीत फोन केला. ग्रामसेवकांनी सांगितलं की कळमजाई ही गट ग्रामपंचायत आहे, तिच्यात उंबरदरे आणि कळमजाई अशी दोन महसुली गावं येतात, आणि बोरीची वस्ती उंबरदऱ्याच्या हद्दीत आहे. वडिलांनी ग्रामपंचायतीचं नाव लिहून ठेवलं होतं. रोजच्या बोलण्यात तेच यायचं. उंबरदरे निवडून गट 214 घातला. आता तो गट फुटलेला दिसला: 214/1, 214/2, 214/3. पोटहिश्श्यांपैकी 214/2 वर वडिलांचं नाव, इतर अधिकाराच्या रकान्याजवळ विहिरीची नोंद. सातबाऱ्याच्या माथ्यावर गावाच्या नावापुढे कोड क्रमांक छापलेला असतो. तो त्यांनी उतरवून घेतला. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला असा स्वतंत्र कोड आहे. नावं दोनदा येतात, कोड येत नाही. नावाच्या लेखनात ‘ळ’चा ‘ल’ झाला, इंग्रजीत स्पेलिंग बदललं, तरी कोड तोच राहतो. ज्या कागदावर हा कोड आहे त्या कागदावर गावाबद्दल वाद होऊ शकत नाही.

आता विहिरीची जागा कागदासाठी अशी लिहायची: ‘मौजे उंबरदरे, ता. आंबेगाव, जि. पुणे येथील गट नं. 214/2 मधील विहीर (बोरीची वस्ती).’ खरेदीखत असेल तर पुढे चतुःसीमा येतात: पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता. चतुःसीमा ही नंबरावरची दुसरी तपासणी आहे. नंबर लिहिताना एखादा आकडा चुकला तर शेजाऱ्यांची नावं ती चूक उघडी पाडतात.

तीच जागा पत्रासाठी वेगळी लिहायची. वस्तीवर राहणाऱ्या चुलत्यांना पत्र धाडायचं असेल तर ‘मु. बोरीची वस्ती (उंबरदरे), पो.’ आणि मग ज्या गावातून टपाल वाटलं जातं त्याचं नाव, ता., जि., पिन. इथं गट नंबर लिहून पोस्टमनला काही कळणार नाही, वस्तीचं नाव कळेल. आणि रहिवासी दाखल्याच्या अर्जावर ग्रामपंचायतीचं नाव हवं: कळमजाई. जागा एक, तीन कागद, तीन प्रकारे लिहिलेली, आणि तिन्ही बरोबर. सगळ्यांत समान राहतं ते ता. आणि जि.

मोबाइलच्या नकाशावर टाचणी लावून पाठवली की हे सगळं टळेल असं वाटतं. टाचणी रस्ता दाखवायला फार उपयोगी आहे, वापरावीच. पण नकाशावर गावाचं नाव बहुधा गावठाणावर लिहिलेलं असतं आणि गावाची हद्द त्यापासून काही किलोमीटर लांबपर्यंत पसरलेली असू शकते. शिवेजवळच्या शेतात उभं राहून फोनला ठिकाण विचारलं तर तो जवळचं दिसणारं गावठाण सांगतो, आणि ते शेजारच्या गावाचं असू शकतं. हद्दीची खात्री हवी तर भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा पाहावा. तो गटांच्या सीमांसकट असतो.

कागदाची तारीख पाहायची

वरच्या पायऱ्या पक्क्या असल्या तरी कायमच्या नसतात. 1 ऑगस्ट 2014 ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी, वसई, पालघर हे तालुके तिकडे गेले. त्यामुळे जव्हारच्या 2005 च्या कागदावर ‘जि. ठाणे’ असणं ही चूक नाही, त्या दिवशी तेच बरोबर होतं. आज तोच सातबारा ठाण्याच्या यादीत शोधला तर तालुकाच दिसणार नाही. असंच 1998 मध्ये अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले, 1999 मध्ये परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. आजोबांच्या काळातला कागद हातात असेल तर गाव आणि तालुका धरून आजचा जिल्हा काढावा, आणि लिहिताना ‘जि. पालघर (पूर्वी जि. ठाणे)’ असं दोन्ही लिहावं. म्हणजे जुना आणि नवा कागद जोडून पाहणाऱ्याला अडत नाही.

नाव बदलणं ही याहून हलकी गोष्ट आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा पाटी बदलली, गावं जिथल्या तिथं राहिली. जिल्हा फुटतो तेव्हा मात्र गावं हलतात. जुन्या कागदावरचं वेगळं नाव दिसलं की या दोन्हींपैकी काय झालंय ते आधी पाहायचं.

सगळ्यात अवघड असतं ते पुनर्वसित गाव. धरणात किंवा दरडीखाली गेलेलं गाव दुसरीकडे वसतं, जुनं नाव घेऊन, पण दुसऱ्या गावाच्या जमिनीवर. याच आंबेगाव तालुक्यात माळीणवर 30 जुलै 2014 ला डोंगर कोसळला. नंतर वाचलेल्या माणसांसाठी नवी वसाहत आमडे गावात बांधली गेली. अशा गावांत राहत्या घराची जमीन एका गावची, जुनी शेती दुसऱ्या गावच्या दप्तरात, आणि माणसाच्या तोंडी नाव जुनंच. तिथं पत्ता घेताना ‘घर कुठं’ आणि ‘शेत कुठं’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात आणि दोन्हींची महसुली गावं वेगळी लिहून घ्यावी लागतात.

लिहिण्याचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे असतो: वस्ती, गाव, तालुका, जिल्हा. फोनवर सांगताना, विशेषतः 108 ला रुग्णवाहिका बोलावताना, तो उलटा करावा. तिथं राज्यभराचे फोन येतात आणि ऐकणाऱ्या माणसाला आपली वस्ती माहीत असण्याचं काही कारण नाही. ‘जिल्हा पुणे, तालुका आंबेगाव, गाव उंबरदरे, तिथून बोरीची वस्ती’ असं सांगितलं की तो प्रत्येक शब्दागणिक योग्य जागेकडे सरकतो. मग डांबरी रस्ता कुठं सुटतो, फाट्याचं नाव काय, गाडी वस्तीपर्यंत येते की ओढ्यापर्यंतच, आणि फाट्यावर कोण उभं राहणार, हे सांगावं. आधी वस्तीचं नाव सांगितलं तर पलीकडचा ‘कुठली वस्ती?’ असं विचारत राहतो आणि तेवढी मिनिटं जातात.